मार्तंड सरांचा 'मधी'

मार्तंड सरांचा इंग्रजीवर जीव होता, आणि त्याहून जास्त जीव स्वतःच्या नियमांवर. जालन्याच्या मस्तगडातून रोज सकाळची एसटी धरून ते अंबडच्या शाळेत यायचे. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःलाही चांगली ठाऊक होती.

सत्त्याण्णव साली त्यांनी नववीला दोन शब्दी क्रियापदं शिकवली. 'पिक अप द बुक' म्हणा नाहीतर 'पिक द बुक अप', दोन्ही बराबर. पण पुस्तकाऐवजी 'इट' आलं की त्याला मधेच बसवायचं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' म्हणाल तर छडी. "सर्वनाम आलं की?" सर विचारायचे, आणि साठ पोरं एका सुरात ओरडायची, "मधी!"

नियम खोटा नव्हता, अर्धा होता. सरांनी तो बिनदिक्कत सगळ्याच क्रियापदांना लावला.

पहिल्या चाचणीत एकट्या नंदाने 'लुक आफ्टर इट' लिहिलं. ही अंतरवाली सराटीच्या रखमाजीची पोरगी, शांत, तिसऱ्या बाकावर बसणारी. सरांनी तिचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग खदखदून हसला.

"सर, पण..." नंदा उठून म्हणाली.

"पण काय? साठ जणांना कळलं, तुला न्हाई कळलं? 'लुक इट आफ्टर' शंभर वेळा लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिने वही टेबलावर ठेवली. शंभर ओळी, एकही वाकडी नाही. सरांनी न वाचताच सही ठोकली.

दिवाळीनंतर पुस्तकातला एक पाठ आला, जखमी कबुतराचा. सर ऐटीत वाचत होते: "शी लुक्ड आफ्टर इट फॉर अ मंथ." जीभ अडखळली. त्यांनी खोकून पुढची ओळ धरली. नंदाची मान खाली होती.

मधल्या सुट्टीत त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. 'पिक अप'मधला 'अप' क्रियाविशेषण असतो, म्हणून कर्म त्याच्या आधीही येतं, नंतरही. सर्वनाम मात्र आधीच. 'लुक आफ्टर'मधला 'आफ्टर' शब्दयोगी असतो, त्याचं कर्म त्याच्या मागोमागच यायला हवं. 'लुक आफ्टर द बर्ड', 'लुक आफ्टर इट'. ही जोडी तुटतच नाही. सरांचे कान तापले. बारा वर्षं आपण पोरांना काय शिकवलं, या विचाराने त्यांना शेजारच्या शिक्षकाने पुढे केलेला चहाही घेववेना.

कबूल करून टाकायला हवं होतं. पण वर्गापुढे? साठ पोरांपुढे? त्यांनी पळवाट काढली. दुसऱ्या चाचणीत तोच प्रश्न घालायचा, नंदा पुन्हा बरोबर लिहील, तिला गुपचूप पूर्ण गुण द्यायचे आणि विषय मिटवायचा. स्वतःच्या हुशारीवर ते थोडे खूशही झाले.

पेपर तपासायला घेतले तेव्हा त्यांनी आधी नंदाचाच शोधला. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'लुक इट आफ्टर'.

लाल पेन हातातच राहिलं. बरोबरची खूण करावी तर चूक बरोबर ठरत होती, आणि चुकीची करावी तर ती चूक कुणी शिकवली? सरांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच त्यांनी तिला उभं केलं.

"नंदा, पहिल्या चाचणीत तू 'लुक आफ्टर इट' लिहिल्तं. मंग आता उलटं का लिहिलंस?"

"चुकलं का सर?"

"तुला खरं काय वाटतं ते सांग."

ती चुळबुळली. "पुस्तकात 'आफ्टर इट'च हाये सर. मला म्हाईत व्हतं. पण बाबा म्हणले, सर सांगतेत तेच लिव्ह, न्हाईतर गुण जातीन आन् मंग शाळा बंद करावी लागंल."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी खडू उचलला. 'पिक इट अप' लिहिलं, त्याच्याखाली 'लुक आफ्टर इट' लिहिलं, आणि दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. मग वर्गाकडे वळले.

"नंदा पहिल्यांदाच बरोबर होती. चूक माझी होती. तुम्ही सगळे माझ्यामुळे चुकलात, आणि तिचं मी तुमच्यापुढे उगाच हसं केलं."

त्यांना वाटलं, आता तिचा चेहरा खुलेल. निदान ती खाली बसेल. नंदा फळ्याकडे बघत उभीच राहिली. ओठ हलवून तिने ती ओळ मनाशी वाचली, मग पिशवीतून वही काढली.

"सर," तिने विचारलं, "मंग आता हे शंभर वेळा लिहून आणू का?"

ती चेष्टा करत नव्हती. सरांनी मान खाली घातली. "नको, पोरी," ते म्हणाले, "या शंभर ओळी मी लिहितो," आणि तिच्या हातातली वही मागून घेतली.