काशीरामच्या नावाचं खातं

ओवे गावची जमीन विकून आलेल्या पैशातून धनेशने क्रिप्टो, म्हणजे डिजिटल नाणी, घेतलं होतं. खातं बापाच्या, काशीरामच्या नावावर. या घरात सातबाऱ्यापासून डंपरपर्यंत सगळं मोठ्याच्या नावावर असतं. खातं उघडताना काशीरामचा चेहरा एकदा कॅमेऱ्यापुढे धरला होता. त्यानंतर त्याला कोणी काही विचारलं नाही.

काल धनेशने नवा फोन घेतला, पासवर्ड बदलला आणि लगेच सगळी नाणी एका नव्या डिजिटल पत्त्यावर पाठवली. जिथे खातं होतं त्या क्रिप्टो एक्सचेंजने व्यवहार सुरक्षा तपासणीसाठी रोखला. पनवेलच्या सिमेंटच्या दुकानात बसून तो सकाळपासून शिव्या देत होता. शेवटी सोशल मीडियावर त्याने बोंब मारली, तर लगेच एका 'सहायता अधिकाऱ्या'चा मेसेज आला : सर, आपण आमचं कुटुंब आहात, फक्त शुल्क भरा आणि ओटीपी कळवा.

बायकोने, मनिषाने, तो मेसेज वाचला. ती पतपेढीत नोकरीला होती, असल्या गोडव्याचा तिला उबग आलेला होता. "खरं एक्सचेंज ओटीपी मागत नाही," म्हणाली आणि त्या माणसाला ब्लॉक केलं. मग कुठलीही लिंक न उघडता तिने ॲपमधलीच सूचना वाचली. नवा फोन, नवा पासवर्ड, नवा पत्ता, सगळी रक्कम एकदम : हे एकत्र आलं की व्यवहार थांबतो. चोरही असंच करतो. पैसे गेलेले नव्हते, खात्यातच होते. ॲपमधल्या तक्रार विभागात उत्तर द्यायचं होतं आणि खातेदाराचा व्हिडिओ. घाई करून काही होणार नव्हतं.

काशीरामला बोलावलं. पडद्यावरचं वाक्य कॅमेऱ्यात बघून म्हणायचं होतं : मी स्वतः, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, ही रक्कम माझ्या ओळखीच्या पत्त्यावर पाठवत आहे.

म्हातारा वाक्यापाशी अडला. "ह्यो पत्ता कोनाचा?"

मनिषाने पुन्हा विचारलं तेव्हा धनेशच्या तोंडून गुंतवणुकीच्या ऑनलाइन ग्रुपमधल्या गुरुजींचं नाव निघालं. प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नव्हते. महिन्यात पैसे दुप्पट करून देतात म्हणे.

"तुमी फक्त वाचा ना बाबा," धनेश म्हणाला. "ते रोजचं हाय, सगळेच वाचतात."

काशीरामने पोराकडे पाहिलं. ताटात माशी पडल्यावर माणूस पाहतो, तसं.

"ज्या शेतावर तुजी आईस राबली, त्या जमिनीचा पैसा तू त्याला देतोस, ज्याचं तोंडबी तू बघितलं नाय. आनि खोटं बोलायला माझं तोंड?"

त्याने फोन सुनेकडे सरकवला. तिने ॲपमध्ये लिहिलं : व्यवहार रद्द करा, पासवर्ड खातेदार स्वतः बदलतील. मग फोन सासऱ्याच्या हातात दिला. धनेश हात पुढे करून थांबला. म्हाताऱ्याने फोन त्याला परत दिला नाही.