रिकव्हरीचा टप्पा

बोगद्याचं तोंड ढासळून अकरा दिवस झाले होते. आत सहा जण होते. मी कंपनीच्या माहिती कक्षात काम करत होते. मुख्यालयातून रोज सकाळी इंग्रजीत निवेदन यायचं. त्याचा फोटोखाली शोभेल एवढा मराठी मजकूर करायचा, तो कंपनीच्या पानावर टाकायचा आणि एक छापील प्रत फाटकावरच्या फळ्यावर लावायची, एवढं माझं काम.

त्या सहांतले एक पंपदादा. पाणी उपसणारे पंप तेच बघायचे. फोन चार्ज करायला आमच्या खोलीत यायचे आणि फळ्यासाठी छापलेला कागद उचलून मोठ्यानं वाचायचे. "'सदर कार्यवाही हाती घेण्यात येत आहे.' ताई, हे कोण हाती घेतंय? मी का? मला सांगा तरी, म्हणजे हात धुऊन येतो!" मग मी चिडून ते वाक्य बदलायची. कॉलेजात प्रयोगाच्या वह्यांत तीन वर्षं 'द्रावण ढवळण्यात आले' असं लिहून मला कर्ता गाळायची सवय लागली होती. ती त्यांनी मोडली.

अकराव्या दिवशीचं निवेदन दोन परिच्छेदांचं होतं. सर्वंकष तांत्रिक आढाव्यानंतर, सर्व संबंधितांशी समन्वय साधून, हे ऑपरेशन रेस्क्यूमधून रिकव्हरी फेजमध्ये गेलं आहे. जागेची परिस्थिती असेल त्याप्रमाणे ते सुरू राहील. कुटुंबांना कळवलेलं आहे. आमच्या भावना त्यांच्यासोबत आहेत.

मी 'रिकव्हरी' शब्दापाशी थांबले. प्रयोगशाळेत आम्ही तो रोज वापरायचो. शंभर ग्रॅममधून नव्वद ग्रॅम परत मिळालं की रिकव्हरी नव्वद टक्के. आदल्या दिवशी आत सोडलेल्या कॅमेऱ्यात काय दिसलं ते आमच्या कानावर आलं होतं, त्यामुळे इथे काय परत मिळवायचं आहे, हे मला कळलं होतं. पण मला ते कळायला नको होतं.

"साहेब, हा शब्द मराठीत कसा घ्यायचा?"

माहिती अधिकारी साहेब चष्मा पुसत होते. "तसाच घे. रिकव्हरी कोणाला कळत नाही? पेशंटची रिकव्हरी म्हणतातच की लोक."

"म्हणूनच विचारतेय."

"अगं, नऊला टाकायचंय. आपण शब्द बदलला तर वरून विचारतील. तसाच घे."

मी तसाच घेतला. 'बचावकार्य आता रिकव्हरीच्या टप्प्यात. काम सुरूच राहणार.' वर बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचा फोटो. नऊला पाच मिनिटं असताना मी बटण दाबलं.

साडेनऊपर्यंत पानावर दोनशे प्रतिक्रिया आल्या होत्या. 'सुटले बिचारे!' 'किती जण शुद्धीवर आहेत?' 'कोणत्या दवाखान्यात ठेवलंय?' आमच्या कक्षातला फोटोवाला माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो एरवी चेष्टेची एकही संधी सोडत नाही, पण तेव्हा नुसतं म्हणाला, "अगं बाई... हे काय झालं?"

मी निवेदन पाठवणाऱ्या मुख्यालयातल्या मॅडमना फोन लावला. "कुटुंबांना नक्की काय शब्दांत कळवलंय?"

"काल संध्याकाळी सगळ्यांना फोन झालेत. आमच्या ऑफिसातल्या मुलानं सांगितलं, रिकव्हरी फेज सुरू झाली म्हणून."

"आणि ते काय म्हणाले?"

"थँक्यू म्हणाले," मॅडम म्हणाल्या.

मी फोन ठेवत होते तेवढ्यात दारात वहिनी उभ्या राहिल्या. पंपदादांची बायको. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी केस नीट विंचरले होते. हातात कापडी पिशवी.

"फाटकावर वाचलं. फोनवर तो पोरगाही तेच बोलला होता, पण माझा विश्वास बसेना," त्या म्हणाल्या. "धुतलेले कपडे आणलेत त्यांचे. दवाखान्यात गबाळे दिसायला नकोत, नाहीतर मलाच ऐकवतील. कुठे ठेवलंय गं त्यांना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फोटोवाला बाहेर निघून गेला.

"वहिनी, बसा."

"बसत नाही, आधी सांग."

"तो मजकूर मी लिहिला. त्यातला शब्द चुकला माझा." पुढचं वाक्य मी कर्त्यासकट बोलायचं ठरवलं. "काल तज्ज्ञांनी वरून भोक पाडून आत कॅमेरा सोडला. आत छतापर्यंत पाणी आहे. हवा कुठेच उरलेली नाही. ते कोणालाही बरं करत नाहीयेत, वहिनी. आता ते... त्यांना बाहेर काढायचं बघतायत."

त्या उभ्याच राहिल्या. पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "पाणी तर हे उपसतात ना."

साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"मजकूर बदल," ते मला म्हणाले. "वरचं मी बघतो."

मी पानावरचा मजकूर काढला नाही. गुपचूप काढला असता तर दोनशे लोकांनी वाचलेलं तसंच फिरत राहिलं असतं. मी त्यातच दुरुस्ती केली. फोटोही बदलला, आता नुसतं बोगद्याचं तोंड, माणसं नाहीत. मग लिहिलं: 'सकाळी आम्ही रिकव्हरी हा शब्द वापरला. त्यातून चुकीचा अर्थ गेला. ही चूक आमची आहे. आतले सहाही जण जिवंत असण्याची शक्यता आता उरलेली नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं आहे. त्यांचे मृतदेह बाहेर काढण्याचं काम सुरू राहील.'

"वाच," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं. 'मृतदेह'वर त्यांनी हात वर केला.

"ते नको. त्यांना म्हण. त्यांना बाहेर आणायचं काम."

"पण वहिनी, नुसतं 'त्यांना' म्हटलं तर पुन्हा कोणाला वाटेल..."

"वर लिहिलंयस ना जिवंत नाहीत म्हणून? मग कोणाला वाटेल? काल होते तोवर माणूस, आणि आज देह?"

मी वाक्य पुन्हा वाचलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आधीचं वाक्य स्वच्छ असेल तर पुढच्या सर्वनामाला दुसरा अर्थ राहत नाही. मी 'त्यांना बाहेर आणण्याचं काम सुरू राहील' असं केलं. निवेदनातली अट मात्र मला गाळता येत नव्हती. त्याखाली लिहिलं: 'जागा सुरक्षित असेल तेवढंच पुढे जाता येईल.' वहिनींनी तेही ऐकून घेतलं.

साहेब मुख्यालयाशी फोनवर बोलत होते. "नाही मॅडम, मऊ करणार नाही. सकाळी मऊच केलं होतं." सव्वादहाला दुरुस्त मजकूर पानावर गेला. फळ्यावरचा जुना कागद काढून साहेबांनी स्वतः नवा लावला. प्रतिक्रिया थांबल्या. मग एकेक नमस्काराचे हात यायला लागले.

वहिनींनी त्यांचा फोन काढला. गावी सासूबाई होत्या. त्यांनीही सकाळचंच वाचलं होतं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं होतं.

"फोनवर बोलवणार नाही मला," वहिनी म्हणाल्या. "लिहिते."

त्या एका बोटानं, सावकाश लिहीत होत्या. मी समोर बसले होते. सकाळपासून मी त्या मजकुराचे नऊ मसुदे केले होते. त्यांनी एकदाच लिहिलं: 'आई, ते गेले.' मग दुसरं वाक्य सुरू केलं, आणि बोट वरच राहिलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. "'आणणार आहेत' की 'आणतील'?"

दोन्हींमधला फरक मला माहीत होता: एकात ठरलेलं असतं, दुसऱ्यात नुसती आशा. तो त्यांनाही माहीत होता, म्हणून तर विचारत होत्या.

"आणतील," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तेच लिहिलं.