पाचवा माणूस

“तुझे दात कुठे गेले रे?”

वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला माझ्या बापाने विचारलेला पहिला प्रश्न हा.

“सम्राटाच्या सैनिकांनी उपटले,” केशी दिमत्सू म्हणाला. “श्रद्धेपायी.”

“श्रद्धेपायी दियोस्कोरोसचे गेले. तुझे साखरेपायी गेले, हलकटा.”

मग दोघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावत राहिले, एकदा, दोनदा, पाचदा, आणि सोडेनात. दोघेही केशी, म्हणजे पुरोहित, दोघांचीही ऐंशी उलटलेली. मी कॉफीचे दाणे भाजत होते. ते करपले तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

कालच, सप्टेंबरात येणाऱ्या आमच्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी, सरहद्द उघडली होती. वीस वर्षं जिथे खंदक होते तिथून लोक शेळ्या, गाद्या आणि म्हाताऱ्या घेऊन रडत ये-जा करत होते. केशी दिमत्सूचं गाव आमच्या गच्चीवरून दिसतं. चालत दोन तास. पण ते इथिओपियात आणि आम्ही एरित्रियात, म्हणून वीस वर्षं लागली.

अबॉयने, म्हणजे माझ्या बापाने, पहिली कॉफी संपायच्या आत विषय काढला. त्याला दम नाहीच.

“सात तारखेला संत दियोस्कोरोसचा दिवस. किदासे करायची.”

“अरे, मला बसू तर दे.”

“अकरा वर्षं बसूनच आहे मी.”

हे खरं होतं. किदासेला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला, वेदीपाशी पाच माणसं लागतात: दोन केशी आणि तीन डीकन, म्हणजे त्यांचे सहायक. चार असले तर होत नाही. चौघे कितीही पवित्र असोत, होत नाही. आमच्या एंदा मिकाएल चर्चमध्ये अकरा वर्षांपूर्वी दुसरा केशी वारला. नवा कुठून आणायचा? तरुण सगळे फौजेत. क्रूस धरणारे हातसुद्धा सरकारने बंदूक धरायला नेले. आसपासच्या लहान गावांत एकेक म्हातारा उरलेला, आणि त्याला इथे यायचं तर प्रवासाचा परवाना हवा. दोनदा बोलावला, दोनदा परवाना आला नाही. डीकन मात्र तीन होते: हबताय, ज्याला ऐकू कमी येतं, येमाने, ज्याचा एक पाय खंदकात राहिला, आणि साठीचा तस्फू. त्यांना फौजेनेही नको म्हटलं होतं.

माझी आई याच काळात गेली. चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने किदासे व्हायला हवी होती. झाली नाही. दुसऱ्या गावी करू म्हटलं तर अबॉय म्हणाला, “चाळीस वर्षं तिने हे अंगण झाडलं. दुसऱ्याच्या अंगणात तिचं नाव नाही घ्यायचं.” त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं तो दर आठवड्याला मनुक्यांचा डबा उघडून बघायचा. मनुके भिजवून, पिळून किदासेचा द्राक्षरस करतात. वाळून त्यांचे खडे झाले होते, तरी फेकू देत नव्हता.

आणि आता पाचवा माणूस माझ्या दारात बसून कॉफी पीत होता.

दुसऱ्या दिवशी गिरमाय आला. तालुक्याच्या चर्च-कार्यालयात कारकून आहे. अक्षरं गिरवायला अबॉयपाशीच शिकला, म्हणून आधी वाकला, क्रूसाचं चुंबन घेतलं, आणि मग बोलला.

“केशी, किदासे करा. आम्हालाही आनंदच आहे. पण नाव आपल्या पॅट्रिआर्कचं.”

केशी दिमत्सूने कप खाली ठेवला. “मी ज्यांच्या हाताखाली आहे त्यांचं नाव आलं नाही, आणि तुमचं आलं, तर परत गेल्यावर मला वेदीपाशी उभं करणार नाहीत.”

“मग तुम्ही नका उभे राहू.”

“म्हणजे परत चारच,” अबॉय म्हणाला.

हे नाव काय प्रकरण आहे ते सांगते. उपासनेच्या मध्यावर डीकन मोठ्याने सांगतो, अमुक पॅट्रिआर्कसाठी, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च प्रमुखासाठी, प्रार्थना करा. तेवढ्या एका नावावरून कळतं की हे चर्च कुणाचं. इथिओपियाला सोळाशे वर्षं बिशप इजिप्तमधून यायचा. एक मेला की दुसरा येईपर्यंत नवे केशी करणारं कुणी नाही, ताबोत, म्हणजे वेदीवरची कोरीव फळी, पवित्र करणारं कुणी नाही. माझा पणजोबा केशी व्हायला महिनाभर चालत गेला होता, आणि ज्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला त्या बिशपला पणजोबाची भाषा येत नव्हती. शेवटी माझ्या बापाच्या तरुणपणी इथिओपियाने भांडून स्वतःचा पॅट्रिआर्क मिळवला. पस्तीस वर्षं झाली नाहीत तोच आमचा देश वेगळा झाला, आणि आमचे लोक त्याच इजिप्तच्या दारात गेले: आता आम्हाला यांच्यापासून सोडवा. इजिप्तने सोडवलं. मग आमच्याच राजधानीत एका पॅट्रिआर्कला उतरवून घरात कोंडलं आणि दुसऱ्याला बसवलं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही. मी लिहिते आहे.

अबॉयला राग आला की तो शांत होतो. त्याने कॉफीच्या शेगडीतली सळई उचलली. टोक लाल झालेलं.

“गिरमाय, हे तुला सात वर्षांचा असताना विचारलं होतं. यात लोखंड कुठलं आणि आग कुठली?”

“केशी, मी आता…”

“सांग.”

“वेगळं दाखवता येत नाही,” गिरमाय मान खाली घालून म्हणाला.

“हातोडा मारला तर?”

“मार लोखंडाला लागतो. आगीला नाही.”

“लोखंड आग झालं का? आग लोखंड झाली का?”

“नाही. मिसळली नाहीत. बदललीही नाहीत.”

“आणि वेगळीही नाहीत. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण असं एक. आमच्या चर्चच्या नावाचाच अर्थ तो, एक झालेलं. खाल्केदोनच्या धर्मसभेत शेकडो बिशप बसले, सम्राटाचे सैनिक दाराशी, आणि लिहिलं की तो दोन स्वभावांत आहे. आपला पॅट्रिआर्क दियोस्कोरोस सही करेना. दात पाडले, दाढी उपटली, बेटावर नेऊन टाकला, तिथेच मेला. तेव्हापासून रोम तिकडे, ग्रीक तिकडे, आणि आपण इकडे. पंधराशे वर्षं. कशासाठी? तर दोन म्हणायचं नाही यासाठी.” त्याने सळई परत निखाऱ्यात खुपसली. “आणि तू माझ्या घरात येऊन दोन म्हणतोस.”

“मी ख्रिस्ताला दोन म्हटलं नाही,” गिरमाय म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, मी पाहिले. “मला वरून पत्र आलंय, केशी. माझी तीन लेकरं आहेत.”

तो गेल्यावर केशी दिमत्सू म्हणाला, “पोराचं चुकत नाही.”

“कुणाचंच चुकत नाही,” अबॉय म्हणाला. “तीच तर घाण आहे.”

सहा तारखेला सरहद्दीपलीकडच्या बाजारातून मी ताजे मनुके आणले. अबॉयने ते हुंगले, एक दाताखाली धरला आणि थुंकला, कारण उपास सुरू झाला होता. तस्फूने चर्चमागच्या खोलीत किदासेच्या भाकरीचं पीठ मळलं. तिथे बाईने पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी दळून उंबऱ्याबाहेर ठेवलं. या नियमावर माझं जे मत आहे ते अबॉयला माहीत आहे.

संध्याकाळी अबॉय आणि हबताय अंगणात बोलत होते. म्हणजे अबॉय त्याच्या कानात ओरडत होता, तरी मला शब्द कळले नाहीत. हबताय आधी मान हलवत होता, नाही, नाही. मग हसला. हबतायला हसताना मी शेवटचं युद्धापूर्वी पाहिलं होतं.

सातला पहाटेपासून अंगण भरलं. पलीकडच्या गावातूनही माणसं आली, पांढरी वस्त्रं पांघरून, अनवाणी. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. गिरमाय दाराजवळ उभा होता, हातात वही. वेदीच्या पडद्याआडून घंटी वाजली आणि अकरा वर्षांनी आम्ही जमिनीला कपाळ टेकलं. माझ्या शेजारची म्हातारी उठेच ना. मी हात दिला तर म्हणाली, “राहू दे गं, जरा राहू दे.”

दोन घसे मी वेगळे ओळखत होते. अबॉयचा चिरका आणि दिमत्सूचा दात नसल्यामुळे हवा सोडणारा. एकाच गुरूकडे काठी खाऊन शिकलेले. एकाचा श्वास संपला की दुसरा तिथूनच उचलायचा. वीस वर्षांत सूर इकडचा तिकडे झाला नव्हता.

मग हबतायची पाळी आली. गिरमायने वही उघडली. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून तो जरुरीपेक्षा मोठ्यानेच म्हणाला:

“आमचे पॅट्रिआर्क अब्बा दियोस्कोरोस यांच्यासाठी!”

मेलेल्या माणसाचं नाव तिथे घेत नाहीत. तिथे जिवंताचंच घेतात. दोन्ही पॅट्रिआर्कांना बाजूला सारून हबतायने त्या माणसाचं नाव घेतलं होतं ज्याच्या काळात आमच्यात सरहद्द नव्हती.

“थांबवा,” गिरमाय म्हणाला, पण हळू. त्यालाही ठाऊक होतं. किदासे एकदा सुरू झाली की पाचांपैकी कुणी वेदी सोडू शकत नाही. छप्पर कोसळलं तरी पुरी करायची. तो वही मिटून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने त्यानेही डोकं टेकवलं.

पडदा सरकला. अबॉय भाकर उचलून मी मानतो, मी मानतो म्हणू लागला. ख्रिस्ताचं देवपण त्याच्या माणूसपणापासून पापणी लवेपर्यंतसुद्धा वेगळं झालं नाही, इथपर्यंत आला आणि आवाज फाटला. उरलेलं दिमत्सूने पुरं केलं. मृतांच्या नावांत माझ्या आईचं नाव आलं, लेतेमरियम. एवढंच मला हवं होतं. मिळालं.

गिरमायने लिहिलं. लिहायलाच लागलं त्याला. तिसऱ्या आठवड्यात इकडच्या कार्यालयाचं पत्र आलं, की केशी झेराब्रुक, म्हणजे अबॉय, यांनी वेदीपाशी उभं राहू नये. त्याच सुमारास पलीकडच्या कार्यालयाने दिमत्सूला तसंच पत्र दिलं. दोन्हीकडच्या लोकांचं एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

मग इकडच्या कार्यालयाने ताबोत नेला, वेदीवरची ती कोरीव फळी. कापडात गुंडाळून, छत्रीखाली, शेजारच्या मोठ्या गावात, जिथे पाच माणसं आहेत. तो जाताना आम्ही सगळे रस्त्यावर पालथे पडलो. ताबोत गेला की चर्च म्हणजे चार भिंती. अबॉय एकटाच उभा राहिला. कुणी ओढलं तरी वाकला नाही. म्हणाला, “त्याला वाकलोच आहे. नेणाऱ्यांना नाही.”

डिसेंबरात सरहद्द परत बंद झाली. एका सकाळी दोन्हीकडे सैनिक उभे होते, बस. कारण कुणी सांगितलं नाही. केशी दिमत्सू आदल्या आठवड्यात येऊन घाईने गेला होता, आणि उपासनेत टेकायची त्याची लांब काठी आमच्याकडे विसरला. वर पितळी मूठ, एका बाजूला दबलेली.

आता अबॉय रोज पहाटे त्या चार भिंतींत जातो. मी अंगण झाडते, आई झाडायची तसं. दार उघडं असतं, म्हणून दिसतं. तो स्वतःच्या काठीवर टेकून उभा असतो. दुसरी काठी त्याने डाव्या बाजूला, दुसऱ्या केशीच्या जागी, भिंतीला लावलेली असते. तो म्हणतो, श्वास संपला की थांबतो, काठीकडे बघत, दुसऱ्याने उचलायला जेवढा वेळ लागेल तेवढाच. मग पुढचं म्हणतो.