परतावा अडला कुठे?

“सरकारला द्यायचे असले की चुटकीसरशी, आणि सरकारकडून घ्यायचे असले की सर्व्हर झोपलेला!” भाऊजी टेबलावर कोपर टेकून पुटपुटले, तेही कपावर इतके वाकून, की काकूंना वाटलं, आता हे चहातच पडतायत.

काकूंच्या घरी याच टेबलावर दरवर्षी अख्ख्या घराण्याची विवरणपत्रं भरली जात. भरणारे काका. निवृत्तीपर्यंत ते हिशेब खात्यात होते, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नसे, आणि ते एक पैसा घेत नसत, त्यामुळे तर मुळीच काढत नसे. सगळ्यांचे पासवर्ड काकांकडे. सोय म्हणून ईमेलही काकांचाच दिलेला. कर खात्याने या घरात कोणालाही हाक मारली, तरी ओ द्यायचे काकांनीच.

यंदा भाऊजींच्या मुलीचा परतावा आला नव्हता. तिने फिजिओथेरपीच्या प्रॅक्टिससाठी स्वतःची एक खोली ठरवली होती. परताव्याच्या भरवशावर तिने अनामतीला होकार दिला होता, आणि मालक आता दुकानासाठी जागा शोधणाऱ्या एका बूटवाल्याला खोली दाखवू लागला होता.

“बँकेतलं नाव जुळत नसेल,” आत्याबाई म्हणाल्या. “लग्नानंतर नाव बदललं की पैसे आल्या पावली परत जातात.”

“आत्या, माझं लग्न झालेलं नाही.”

“तेच तर मी कधीची म्हणतेय!”

“विवरणपत्र भरलं, पण पडताळणी राहिली असेल,” भाऊजींनी दुसरा खडा टाकला. “नाहीतर कापलेला कर आणि आपण लिहिलेला कर जुळत नसेल.”

“तसं असतं तर प्रक्रियाच अडली असती, बाबा. इथे पूर्ण झालीय.” पुतणीने काकांच्या लॅपटॉपवरचा संदेश मोठ्याने वाचला. “परतावा निश्चित. मागील वर्षाच्या थकबाकीपोटी समायोजन प्रस्तावित. थकबाकी मान्य की अमान्य, ते मुदतीत कळवा. उत्तर न आल्यास समायोजन केले जाईल.” तिने मान वर केली. “म्हणजे माझे पैसे माझ्याच जुन्या थकबाकीत वळते होणार. पण काका, थकबाकी कसली? मी तर त्या वर्षीचा कर स्वतः बँकेत भरला होता. ही पावती.”

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. “खात्याचा घोळ असतो असा. आपण ‘मान्य’ करून टाकू. वाद घालत बसलं, तर वर्ष जाईल.”

“पण मी भरलाय ना!”

“अगं, थोडं नुकसान झालं तरी डोक्याची कटकट जाते.”

भाऊजींना एकदम छताच्या पंख्यात रस वाटू लागला. आत्याबाई बिस्किट मोडत बसल्या. गेल्या वर्षापासून दोघेही काकांनी भरलेलं आपापलं विवरणपत्र गुपचूप एका सल्लागाराकडे नेऊन दुरुस्त करून घेत, सल्लागाराची फी देत, आणि परत येऊन काकांना पेढे देत. काकूंना हे ठाऊक होतं. ते पेढे डब्यात त्याच भरून ठेवत.

काकूंनी पावती उचलून स्क्रीनशेजारी धरली. त्या वर्षीचं विवरणपत्र उघडंच होतं. पावतीच्या क्रमांकात जिथे तीन होता, तिथे विवरणपत्रात आठ होता. भरलेला कर खात्याला सापडलाच नव्हता. न सापडलेला कर, तो थकलेला कर. त्याबद्दलची नोटीस काकांच्या ईमेलवर कधीच येऊन पडली होती, न उघडलेली.

‘अमान्य’ म्हणायचं, तर पावती जोडून क्रमांक दुरुस्त करायला लागणार. आणि क्रमांक कोणी चुकवला, हा प्रश्न टेबलावर येणार.

“घाई करा,” काका म्हणाले. त्यांचं बोट ‘मान्य’कडे निघालं. पडद्यावर ते भलतीकडेच टेकलं.

“काका, जाऊ दे, करा मान्य,” पुतणी हळूच म्हणाली. “खोलीचं बघू पुढच्या वर्षी.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी आपली खोली या म्हाताऱ्याच्या मानासाठी बूटवाल्याला देऊन टाकतेय, आणि पंखा बघणारे पंखा बघतायत! काकूंना आपलाही राग आला. रोज सकाळी पेपरातला मजकूर त्याच वाचून दाखवत होत्या. फोनवरचे आकडे त्याच लावून देत होत्या. आणि बाहेर सांगत होत्या, ‘ह्यांना वाचून घ्यायची हौस आहे.’

त्यांनी काकांचं बोट अलगद पकडलं, उचललं आणि आपल्या मुठीत ठेवलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तीनचा आठ तुम्ही केलात. तुम्हाला आता नीट दिसत नाही. आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.”