चार डॅश

वैजयंती वाशीमच्या 'दैनिक हाकारा'ची वृत्तसंपादक होती. बातमीदारांनी पाठवलेलं तपासायचं, कापायचं, त्याला मथळा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं कापलं त्याच्या शिव्या खायच्या, असं ते बावीस वर्षांचं काम. शिव्या ऐकण्याचं तिला काही वाटत नसे. छापण्याचं मात्र फार वाटे. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिच्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. जातीवरून दिलेली शिवी कधीच छापायची नाही, 'जातीवाचक शिवीगाळ' एवढंच लिहायचं. बाकी कोणी काही बोललं तर 'अपशब्द वापरले'. आणि बोलणारा मोठा माणूस असेल, त्याचं वाक्यच बातमी असेल, तर वाक्य अवतरणात घ्यायचं आणि शिवीच्या जागी चार डॅश द्यायचे.

या नियमांचं मूळ वरच्या मजल्यावर होतं. कार्यालय खाली आणि मालक-संपादक माणिकचंदजींचं घर वर. त्यांची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी देवदर्शन करून आलं की पत्नी राजमतीबाई त्यांना पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवीत. सुना, नातवंडं चहा घेत ऐकत. तेव्हा राजमतीबाईंना मोठ्यानं वाचता येणार नाही असं काही छापायचं नाही, ही 'हाकारा'ची कसोटी. शहाण्यासुरत्या माणसांनी एवढं वर्तमानपत्र एका बाईच्या जिभेवर तोलावं, याचं बाहेरच्यांना हसू येई. वैजयंतीला कधी आलं नाही. तिला तो नियम सभ्य वाटे, आणि सभ्य गोष्टीचा एक तोटा असा की ती चुकते तेव्हा लवकर लक्षात येत नाही.

सोमवारी तालुक्याची आमसभा झाली. अध्यक्षस्थानी आमदार हरीओमदादा. आसेगावच्या रंगूबाई माईक मागून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गावात टाकी बांधून वर्ष झालं, पाणी कधी येणार? दादांनी एकदा हसून टाळलं, दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दोनशे लोकांसमोर त्यांच्या तोंडून ती शिवी गेली. लोकांना मोबाईल बंद ठेवायला सांगितलं होतं. पत्रकारांच्या टेबलावर मात्र लखीरामचा मोबाईल सुरू होता. लखीराम हा 'हाकारा'चा तालुक्याचा बातमीदार. त्यानं शब्द न् शब्द पाठवला, सोबत ध्वनिफीतही.

वैजयंतीनं फीत दोनदा ऐकली, कागदाकडे पाहिलं आणि मंगळवारच्या अंकात छापलं: रंगूबाईंना उद्देशून आमदार म्हणाले, 'ए ----, बस खाली.' नाव पूर्ण, गाव पूर्ण, शिवी तेवढी गायब. तिला आपण फार जबाबदारीनं वागलो असं वाटलं. जिल्ह्यातल्या दोन चॅनलवाल्यांनी त्याच जागी पींऽऽ वाजवलं होतं.

बुधवारी सकाळी दादांचं पत्र आलं. 'त्या भगिनीस मी ए माय, बस खाली असे आदराने म्हणालो. हाकाराने डॅश टाकून विपर्यास केला. पहिल्या पानावर माफी छापावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करू.' वैजयंतीला आधी हसू आलं आणि मग अंगाची आग झाली. शिवी तिनं झाकली होती, आणि हा गृहस्थ त्याच पांघरुणात स्वतः शिरून बसला होता!

दुपारी रंगूबाईच आल्या. साठीच्या, काळ्या-सावळ्या, तीन एकर कोरडवाहूच्या धनीण. आसेगावहून बसनं आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून मंगळवारचा अंक काढला, टेबलावर पसरला आणि डॅशवर बोट ठेवलं.

"बाई, माह्या नावापुढं हे खाली जागा कायले ठेवली?"

"शिवी होती ती. आम्ही छापत नाही. तुमचाच मान राहावा म्हणून..."

"माहा मान?" रंगूबाई खुर्चीवर बसल्या. "आयका मंग. गावात पाच शिव्या फिरून राह्यल्या. कोणी म्हणते टाकीच्या ठेकेदारावरून बोलला, कोणी म्हणते माह्या मेलेल्या नवऱ्यावरून. सुनेच्या माहेरून फोन आला, आमदारानं तुह्या सासूचं असं काय काढलं का पेपरवाल्याईले बी लपवा लागलं? त्यानं एकच देली होती. बाकीच्या तुमी देल्या."

बावीस वर्षांत वैजयंतीला बोलणाऱ्याचं भय वाटलं, वाचणाऱ्याचं वाटलं, राजमतीबाईंचंही वाटलं. जिला शिवी बसली तिला एकदा विचारावं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली.

"तुम्हाला काय हवंय?"

"तो जे बोलला ते छापा. पुरं."

"पूर्ण शब्द? सगळे वाचतील."

"सगळ्याईनं आयकलाच हाय. ए रांडे, बस खाली. असं म्हटलं त्यानं. मले म्हणाची लाज नाही वाटत. मी थोडीच देली?"

पलीकडच्या टेबलावर टायपिंग थांबलं. दोघातिघांनी पंख्याकडे पाहिलं, जणू काही तो आताच बसवला होता.

वैजयंतीनं वकीलबाईंना, साधनाला, फोन लावला. साधना 'हाकारा'चं काम पाहायची आणि गोड बोलून घाबरवायची. "बदनामीचं म्हणशील तर बोललेलं खरं आहे, लोकप्रतिनिधी जाहीर सभेत बोललाय आणि फीत आहे. अश्लीलतेची तक्रार करतील, करणारच नाहीत असं मी सांगत नाही. पण बातमीला गरज म्हणून एकदा आलेला शब्द आणि चाळवायला छापलेला मजकूर, यात फरक असतो. तेव्हा मथळ्यात नको, ठळक नको, एकदाच. फितीतलं वाक्य जसंच्या तसं, वर तुमचं विशेषण नाही. लखीरामचा मोबाईल जपून ठेवा, मूळ फीत पुसू नका. बाईंची लेखी संमती घ्या. आणि दादांचं म्हणणं विचारल्याशिवाय छापू नकोस."

माणिकचंदजींचा मुलगा पारस कारभार पाहायचा. तो काचेच्या खोलीतून तरातरा आला. "ताई, पुढच्या आठवड्यात दादांच्या वाढदिवसाची पुरवणी हाय! 'आक्षेपार्ह शब्द' म्हणा ना. सगळे तसंच म्हणतात."

"आक्षेपार्ह तर 'मूर्ख'ही असतं, पारस. त्यांना तेच पाहिजे. आज 'माय' म्हणतायत, उद्या म्हणतील मी 'येडे' म्हणालो. आपण शब्द झाकला की त्यांना दहा वाटा मोकळ्या."

"मंग पहिलं अक्षर देऊन डॅश द्या."

"त्यानं काय झाकलं जाईल? शब्द सगळ्यांना कळेल, आणि आम्ही छापलाच नाही म्हणायला आपल्याला जागा राहील. झाकायचं तर नीट झाका, नाहीतर उघडं बोला. ही अर्धी लाज मला नको."

माणिकचंदजी कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐकत बसले होते. चष्मा पुसत ते हळू म्हणाले, "वैजयंती, समदं पटते मले. पण उद्या सकाळी राजमतीनं हे कसं वाचावं?"

"शेठजी," रंगूबाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्या बाईले वाचाले जड जाईन. मले दोनशे लोकात उभं राहून आयकाले सोपं गेलं काय?"

माणिकचंदजींनी राजमतीबाईंना खाली यायचा निरोप वर पाठवला.

तोवर वैजयंतीनं दादांना फोन लावला, स्पीकरवर. समोर लखीराम वही उघडून बसला. "दादा, 'हाकारा'तून वैजयंती. तुमचं म्हणणं छापायला लिहून घेतेय. आमच्याकडे आमसभेची फीत आहे. त्यात 'माय' नाहीये." आणि तिनं जे होतं ते न चाचरता वाचून दाखवलं.

पलीकडून दादा उसळले. "अहो ताई, रागात जाते एखांदा शब्द! खेड्यात असंच बोलतेत लोकं. पण ते पेपरात छापाचं असते काय? आयाबहिणी वाचतेत!"

"म्हणजे शब्द गेला होता?"

"गेला असन! छापून तर पाहा तुमी!"

"तुमचं म्हणणं मिळालं. आभारी आहे." तिनं फोन ठेवला. लखीरामनं 'गेला असन'खाली दोन रेघा ओढल्या. वैजयंतीला इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

राजमतीबाई जिना उतरून आल्या. डोक्यावर पदर, हातात चष्मा. वैजयंतीनं प्रूफ पुढे केलं. मथळा साधा होता: 'पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या महिलेला आमदारांची शिवी'. खाली बातमी, वाक्य अवतरणात, आमदारांचा खुलासा आणि फोनवरचं म्हणणं, दोन्ही शब्दशः. शेवटी चौकटीत चार ओळी: 'हाकारा शिव्या छापत नाही. मंगळवारी ही शिवी आम्ही झाकली. त्यामुळे बोलणारे सुटले आणि रंगूबाईंच्या नावाभोवती अफवा उठल्या. ती चूक आमची. त्यांच्या लेखी संमतीने आज पूर्ण वाक्य देत आहोत.'

राजमतीबाई मोठ्यानं वाचू लागल्या, सकाळी वाचतात तशाच, सावकाश. त्या शब्दापाशी आल्या आणि थांबल्या. माणिकचंदजींनी मान खाली घातली. राजमतीबाईंनी प्रूफवरून नजर उचलून रंगूबाईंकडे पाहिलं.

"तुमालेच म्हटलं काय त्यानं हे?"

"मलेच."

राजमतीबाईंनी चष्मा सारखा केला आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचलं. पूर्ण. आवाज जरासुद्धा न पाडता. मग खुलासा वाचला, फोनवरचं वाचलं, चौकट वाचली आणि प्रूफ नवऱ्याच्या हातात दिलं.

"वाचलं म्या. आता छापा."

पारस पुरवणीचं काहीतरी पुटपुटला. आईनं नुसतं वळून पाहिलं आणि तो काचेच्या खोलीत गेला. रंगूबाईंनी संमतीवर ठळक अक्षरात सही केली, वर तारीखही घातली, आणि पाचची बस धरायला निघाल्या. राजमतीबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या.

गुरुवारी दहापासून कार्यालयातला फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. एकानं विचारलं, आमच्या पोरींनी हा पेपर वाचायचा का? वैजयंती म्हणाली, वाचू द्या, त्यांचा आमदार कसा बोलतो ते त्यांना कळू द्या. एका निवृत्त गुरुजींनी अंक बंद केला. दादांच्या कार्यकर्त्यांनी अश्लील मजकुराची तक्रार दिली. साधनानं तिची प्रत मागवली आणि मोबाईल कपाटात आहे ना, एवढंच विचारलं. पुरवणी रद्द झाल्याचं पारसनं जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगितलं. 'आदराने माय' म्हटल्याचं मात्र दादांकडून पुन्हा कोणी बोललं नाही. त्यांनीच शब्द कबूल केला होता, तोही अवतरणात.

दुपारी वैजयंतीनं भिंतीवरच्या कागदाखाली एक ओळ वाढवली: ज्याला शिवी दिली, त्याला आधी विचारायचं. शाई वाळते न वाळते तोच आसेगावहून फोन आला.

"बाई, अंक गावात आला. ग्रामपंचायतीसमोर वाचला लोकायनं."

"काय म्हणतायत?"

"काही नाही. पाचच्या पाच बंद झाल्या. आता गावात एकच शिवी उरली." रंगूबाई थांबल्या. मागे कोणीतरी हसत होतं. "आन् ते माह्या नावावर नाही. त्याच्या नावावर हाय. सुनेनं आत्ताच माहेरी फोन केला, म्हणे पेपर घ्या आन् वाचा. बरं, ठेवतो. टाकीचं इचाराले पुढच्या आमसभेत जाचं हाय, लखीरामले सांगजा, मोबाईल चार्ज करून आण म्हना."