एकोणतिसावा हात

सोसायटीत त्यांना सगळे वहीकाका म्हणत. बावीस वर्षं सेक्रेटरी, आणि बावीस वर्षांची इतिवृत्तं एकाच वळणदार अक्षरात. माणूस एरवी गरीब गाय, पण वहीत एक ओळ कुणी बदलून दाखवावी!

त्या रविवारी सकाळी सभेला एकोणतीस सभासद आले. एकोणतीस सह्या वहीकाकांनी स्वतः घेतल्या, पहिली त्यांचीच. विषय पाचवा होता : तळमजल्याच्या खोलीतल्या पाळणाघराची परवानगी काढून घेऊन तिथे व्यायामशाळा करणे. पाळणाघर वहीकाकांच्या वहिनीचं. थोरला भाऊ गेल्यावर तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं, आणि तिचं पोट त्याच्यावरच. घर मुलाच्या नावावर असल्याने ती सभासद नव्हती, तिला मत नव्हतं. ती शेजारच्या त्याच खोलीत धुतलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. सकाळी जिन्यात एवढंच म्हणाली होती, "भावोजी, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

चर्चा तापली. चित्रकलेचे निवृत्त मास्तर उठले. "अध्यक्ष, गुप्त मतदान घ्या. तोंडावर हात वर करायला लोक कचरतात. उद्या जिन्यात भेटायचंय एकमेकांना."

अध्यक्षांनी वहीकाकांकडे पाहिलं. चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या होत्या, मतपेटीही टेबलाखाली होती. पण मग मतमोजणीला दोघांना नेमा, चिठ्ठ्या वाटा, बाद चिठ्ठ्या वेगळ्या नोंदवा, सगळं पाकीट सील करा. नको ती कटकट! "हात वर करून घेऊ या," वहीकाका म्हणाले, "लिहायला सोपं जातं."

मास्तर खाली बसले.

"ठरावाच्या बाजूने?" हात वर गेले. वहीकाका उभे राहिले आणि पेन्सिलीच्या टोकाने रांगेमागून रांग मोजू लागले. अध्यक्षांचा धरून चौदा. "विरुद्ध?" पुन्हा पेन्सिल फिरली. एका हातात वही, दुसऱ्यात पेन्सिल. चौदा.

"समसमान," अध्यक्ष म्हणाले. "उपविधीप्रमाणे माझं निर्णायक मत ठरावाच्या बाजूने. ठराव मंजूर. कुणाला फेरमोजणी किंवा पोल, म्हणजे पुन्हा मतदान, मागायचं असेल तर आत्ताच मागा, नंतर ऐकून घेणार नाही."

वहीकाका खाली बसून लिहीत होते. उपस्थित : २९. बाजूने : १४. विरुद्ध : १४. आणि पेन्सिल थांबली. त्यांनी बेरीज पुन्हा केली. अठ्ठावीसच. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. राहिलेला हात पेन्सिल धरून बसला होता. मोजणारा स्वतःला मोजत नाही, ही त्यांची बावीस वर्षांची खोड. आजवरचे ठराव एकमताने नाहीतर दणदणीत बहुमताने होत, त्यामुळे ती कधी कुणाला नडली नव्हती.

"काही राहिलं का, सेक्रेटरी?" अध्यक्षांनी विचारलं.

आत्ता बोलायचं होतं. पोल मागायचा होता, आपलं मत टाकायचं होतं, चौदा विरुद्ध पंधरा, ठराव नामंजूर. एका वाक्याचं काम. पण एकोणतीस माणसांपुढे बावीस वर्षांच्या सेक्रेटरीने म्हणायचं, की मी मत द्यायलाच विसरलो? तेही सख्ख्या वहिनीच्या पाळणाघराच्या ठरावावर? लोक हसले असते, आणि कुणीतरी म्हणालंच असतं, बघा, निकाल उलटा लागल्यावर आठवलं.

"नाही," वहीकाका म्हणाले.

"विषय सहावा. पाण्याच्या टाकीची सफाई."

घरी आल्यावर त्यांनी इतिवृत्त शाईने उतरवलं. विरुद्ध पंधरा लिहिण्याचा मोह झाला, नाही असं नाही. उपस्थिती अठ्ठावीस लिहून तो एकजण पुसून टाकायचाही झाला. पण सह्यांचा कागद एकोणतीसचा होता, आणि खोटं लिहायला हात धजावला नाही. खरं तर तो हात वेळेवर काहीच करायला धजावला नव्हता.

चार दिवसांनी वहिनीने इतिवृत्ताची प्रत मागितली. मुलाला दाखवायची होती. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिने वाचलं. बाजूने चौदा. विरुद्ध चौदा. मतदान न केलेले सभासद : एक. बोट तिथेच राहिलं.

"हा कोण हो, भावोजी?"

"हात वर केले की नावं लिहीत नाहीत, वहिनी. फक्त आकडे."

"लिहीत नसतील. मी त्याला बोल लावायला नाही विचारत." तिचा आवाज खाली आला. "बिचाऱ्याला कळलंच नसेल, त्याच्या एका हातावर माझं काय होतं ते. तुम्हीच मोजत होता ना सगळ्यांना? तुम्हाला दिसला असेल."

वहीकाकांनी प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि तारीख घातली.

"नाही," ते म्हणाले. "मला तो दिसला नाही."