दिलरुबाचं फूल

वरच्या मजल्यावरच्या दिलरुबाचा दुधी माझ्या घरात शिजला, तो दिवस मी विसरणार नाही. मीरपूरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोघींचे वेल शेजारी शेजारी, माती एकाच ठेल्यावरून आणलेली. पण तिच्या मांडवाला दुधी लोंबतात आणि माझ्या वेलावरचे बोटभर दुधी पिवळे पडून गळतात. तिने एक खाली पाठवला. मी कोळंबी घालून रांधला. माझा तनवीर दुसऱ्यांदा भात वाढून घेत म्हणाला, "आम्मा, दिलरुबाखालाच्या हाताला गुण आहे." पोटच्या पोराने म्हणावं हे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग नजर उतरावी म्हणून मी माझ्या मांडवाला चुन्याचे ठिपके काढलेलं काळं मडकं टांगलं. दिलरुबाशिवाय नजर दुसऱ्या कोणाची असणार? रोज मगरीबच्या वेळी, ऐन दिवेलागणीला, बायकांनी गच्चीवर जायचं नाही अशा वेळी, ही वर जायची. मी आयुष्यात त्या वेळी वर गेले नव्हते. त्या दिवशी मात्र नमाज आटोपली आणि तिला पकडायला जिना चढले.

पांढरी फुलं नुकतीच उमलली होती. पहाटे मला ती नेहमी मान टाकलेलीच दिसायची. दिलरुबाने लांब देठाचं एक फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा भाग दुसऱ्या फुलात हलकेच फिरवला. त्या फुलाखाली चिमुकला दुधी होता.

"काय करतेस?" मी दरडावलं.

"लग्न लावतेय, आपा. इतक्या वर पतंग फारसे येत नाहीत, मग आपणच मध्यस्थ व्हायचं. तुमच्याही दोन नवऱ्या उमलल्यात. नवरे कुठे आहेत?"

मी माझा वेल पाहिला. लांब देठाचं एकही फूल नव्हतं. कसं असणार? फळ न धरणाऱ्या त्या कळ्या वेलाचा जीव खातात म्हणून मी रोज खुडायचे आणि तांदळाच्या पिठात बुडवून तनवीरला भजी तळून द्यायचे. मी तसं म्हटलं. दिलरुबा इतकी हसली की तिचा पदर घसरला.

"म्हणजे नवरे तळून खाल्लेत, आणि नजर माझी?"

तिने आपलं एक ताजं फूल तोडून माझ्या हातावर ठेवलं. घ्यावंसं वाटत नव्हतं, पण दुधी हवे होते. माझ्या दोन्ही फुलांत मी ते तिच्यासारखंच फिरवलं.

दोन्ही दुधी धरले. वाढले, हिरवेगार झाले. पहिला रांधून मी तनवीरच्या पानात वाढला आणि तो काय म्हणतो म्हणून उभी राहिले.

"छान आहे," तो म्हणाला. "दिलरुबाखालाने पाठवला?"

आता मी एकही कळी खुडत नाही. माझा वेल नरफुलांनी भरून गेलाय आणि मगरीब झाली की मी वर जाऊन बसते. एखाद्या संध्याकाळी तिच्याकडे एकही नरफूल नसेल आणि तिला माझ्यापुढे हात पसरावा लागेल. मी देईन, पण आधी तिला मागायला लावीन.